दिरहमला चोवीसने गुणू नका

पत्र:

सर, नमस्कार. मी मूळचा चिपळूणचा, वय 42. गेली 14 वर्षं दुबईत एका एमईपी कंत्राटदार कंपनीत आहे, राहायला शारजात. एसीचं काम. शेवटची 6 वर्षं टेस्टिंग-कमिशनिंग बघतोय, दोन हॉस्पिटलं आणि एक हॉटेल पूर्ण हँडओव्हर केलं. पगार 17,000 दिरहम, त्यात बेसिक 9,000. सगळा खर्च जाऊन 3,800 च्या आसपास शिल्लक राहतात. वडिलांना पक्षाघात झालाय, म्हणून कायमचं परत यायचं ठरलंय. पुण्यात वारज्याला स्वतःचा फ्लॅट आहे, हप्ते संपलेत. सुट्टीत दोन मुलाखती दिल्या. एका ठिकाणी सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाने विचारलं, “सर, इंडियाचा एक्स्पीरियन्स किती?” मी गप्प. दुसरे 16 लाख सीटीसी म्हणतात. म्हणजे माझ्या चार महिन्यांच्या पगारात वर्ष काढायचं! पुण्यात ओळखी शून्य आहेत. बायको म्हणते वर्षभर थांबू. किती मागू? की ही नोकरीची भीक सोडून कोकणात स्वतःचं एसीचं काम सुरू करू?
– एक वाचक, शारजा

उत्तर:

नमस्कार,

17,000 गुणिले 24 म्हणजे 4 लाख 8 हजार. हा गुणाकार तुमच्या डोक्यात रोज चालू असणार. मी 2014 मध्ये दोह्याहून आलो तेव्हा माझ्याही डोक्यात चालायचा, फक्त रियालचा. पण पगाराची तुलना पगाराशी करून हाती काही लागत नाही. तुमचा खरा आकडा 3,800 आहे, म्हणजे 91 हजार रुपये. उरलेले 13,200 दिरहम शारजाचं भाडं, मुलांच्या शाळेची फी, बस, सालिकचा टोल आणि विमानाची तिकिटं यांत जातात आणि ते तिथेच राहतात. पुण्यात भाडं नाही, दरवर्षीची तिकिटं नाहीत. शाळा, किराणा, गाडी, वडिलांची फिजिओथेरपी आणि दिवसभराची बाई धरून वारज्यात तुमचं घर महिन्याला साधारण 85 हजारांत चालेल असं मी धरतो. तुम्ही बायकोबरोबर बसून तुमचा आकडा काढा, पण कागदावर काढा.

आता ते 16 लाख. भागिले 12 केलं की 1 लाख 33 हजार दिसतात. ते तुम्हाला मिळणार नाहीत. तुमच्याकडे पगार म्हणजे ठरलेला आकडा, जसाच्या तसा बँकेत येणारा. इथे सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही पडता केवढ्याला, तो आकडा. निम्मा बेसिक धरा, 8 लाख. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 96 हजार, तो सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद, 38 हजारांच्या वर, तीही आत. आणि ती साधारणपणे 5 वर्षं टिकलात तरच हाती येते. मग व्हेरिएबल 10 टक्के, 1 लाख 60 हजार, वर्षाअखेरी, कंपनीला नफा झाला आणि साहेबांची मर्जी राहिली तर. उरले 13 लाख 5 हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 96 हजार, व्यवसाय कर अडीच हजार, आणि नव्या करप्रणालीत, व्हेरिएबल धरून, साधारण 92 हजार आयकर. वर्षाला 11 लाख 15 हजार, महिन्याला 93 हजार. घर चालेल, पण 8 हजारांवर शिल्लक नाही.

दुसरीकडे समजा कोणी 18 लाख म्हणालं आणि त्यात व्हेरिएबल अजिबात नाही. हाच हिशेब करा, हातात महिन्याला 1 लाख 18 हजारांच्या आसपास येतात. मथळ्यात फरक फक्त 2 लाखांचा, खिशात महिन्याला 25 हजारांचा. म्हणून ‘किती मागू’ याचं माझं उत्तर असं: 18 लाख फिक्स्ड, व्हेरिएबल द्यायचं असेल तर त्याच्या वर. आणि ऑफर लेटरच्या आधी सॅलरी ब्रेकअप मेलवर मागून घ्या. ब्रेकअप द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे पगार वेळेवर होतो का हेही विचारून बघा. मला ‘जनरल मॅनेजर’ हे पद आणि भरघोस आकडा ऐकूनच इतका आनंद झाला होता की मी ब्रेकअप पाहिलाच नाही. आठव्या महिन्यात ते ऑफिस सोडलं तेव्हा दोन महिन्यांचा पगार आणि ‘परफॉर्मन्स पे’ तिथेच राहिला, आजवर.

एचआर फॉर्ममध्ये ‘करंट सीटीसी’चा रकाना असतो. तिथे रुपयांत 49 लाख लिहिलंत की यंत्रच तुम्हाला गाळतं, माणसापर्यंत अर्ज पोचत नाही. खोटंही लिहू नका, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला सापडतं. ‘17,000 दिरहम मासिक, घरभाड्यासह, करमुक्त’ असं जसंच्या तसं लिहा आणि ‘एक्स्पेक्टेड’मध्ये 18 लाख फिक्स्ड. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

आता त्या पोराचा प्रश्न. तो उद्धट वाटला तरी चुकीचा नव्हता. मी नंतर बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे, म्हणून सांगतो, त्या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात. गल्फमधला इंजिनिअर मेथड स्टेटमेंट लिहितो, मटेरियल सबमिटल करतो, इन्स्पेक्शनची रिक्वेस्ट टाकतो, कन्सल्टंट येऊन सही करतो. मोजमाप आणि बिलाचं बघायला क्वांटिटी सर्व्हेअर असतो. इथल्या मध्यम कंत्राटदाराकडे हे सगळं प्रोजेक्ट इंजिनिअरच्याच गळ्यात असतं. आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, तोच करतो. क्लायंटच्या माणसाला घेऊन जेएमआर, म्हणजे संयुक्त मोजमाप, तोच करतो. डक्टचे बेंड कसे मोजायचे यावर अर्धा दिवस वाद घालतो आणि शेवटी अकाउंट्सच्या दारात पेमेंटसाठी तोच उभा राहतो. तेव्हा त्या मुलाला विचारायचं होतं: सर, तुम्ही बिल कराल का? तुम्हाला इथले रेट माहीत आहेत का? आणि आमच्या साइटवर ड्रॉइंग काम झाल्यावर येतं, तेव्हा तुम्ही चिडून राजीनामा द्याल का?

यातलं रेटचं सहज भरून निघतं. परत यायच्या आधी एखाद्या छोट्या कंत्राटदाराशी ओळख काढून एका चालू कामाचं बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी, मापं आणि दरांचा तक्ता, मागून घ्या. जीआय डक्ट चौरस मीटरला कितीला जातो, चिल्ड वॉटर पाइप इन्सुलेशनसकट मीटरला किती, एका टनाला, म्हणजे टीआरला, सगळं मिळून किती पडतं, मजुरीचा दर वेगळा किती, एवढं पाठ करा. माझ्या पहिल्या मुलाखतीत “टीआरला किती धरता?” असं विचारलं आणि मी रियालमध्ये उत्तर दिलं. समोरचे दोघे हसले नाहीत, चहा मागवला. त्याहून हसले असते तर बरं.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. ज्या खुर्चीत बिलं आणि रेट हेच मुख्य काम आहे, त्या खुर्चीसाठी तुम्ही अर्ज करूच नका. तिथे तुमच्यापुढे पंधरा वर्षं पुण्यात घासलेली माणसं आहेत, तुमच्याहून स्वस्त आणि तुमच्याहून तयार. तुमच्याकडे जे आहे ते इथे कमी मिळतं आणि ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत: टेस्टिंग-कमिशनिंग, दोन हॉस्पिटलं, पूर्ण हँडओव्हर.

इथल्या साइटवर कमिशनिंग म्हणजे बऱ्याचदा मशीन सुरू झालं, गार हवा आली, नारळ फुटला. मोजून, लिहून, पुराव्यानिशी यंत्रणा सिद्ध करून देणारी माणसं ठरावीक ठिकाणी लागतात, आणि तिथे ती खरोखर लागतात. फार्मा कंपन्यांच्या क्लीनरूम, जिथे दाबाचा फरक आणि एअर चेंजेस लिहून दिल्याशिवाय उत्पादन सुरू होत नाही. मोठी हॉस्पिटलं. आणि सगळ्यात जास्त डेटा सेंटर, जी नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात उभी राहिली आहेत. डेटा सेंटरचं कमिशनिंग पाच पायऱ्यांत मोजतात. पहिली कारखान्यातली चाचणी, दुसरी साइटवर आलेला माल आणि बसवणी तपासणं, तिसरी एकेक यंत्र सुरू करणं, चौथी प्रत्येक यंत्रणेची कामगिरी, पाचवीत सगळं एकत्र. पाचव्या पायरीत लोड बँक लावून खोटी उष्णता तयार करतात, मग मुद्दाम मुख्य वीज तोडतात आणि चिलर परत उभे राहीपर्यंत हॉलचं तापमान किती चढतं ते मिनिटागणिक लिहितात. तुम्ही हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरला हेच केलंय, फक्त नाव वेगळं होतं.

माझ्या ओळखीतला एक जण, देवरुखचा, अबू धाबीहून 2022 मध्ये आला. सीव्हीच्या पहिल्या पानावर ‘प्रोजेक्ट इंजिनिअर, 12 वर्षं, बहुमजली इमारती’ असं होतं. चार महिने फोन नाही. आम्ही ते पान फाडलं. नवीन पानावर तीन प्रकल्प घेतले आणि प्रत्येकाखाली चार ओळी: किती टनांची यंत्रणा, काय बिघाड निघाला, कसा सापडला, हँडओव्हरला किती दिवस लागले. एक ओळ मला अजून आठवते. एका मजल्यावर एएचयू, म्हणजे गार हवा खोल्यांत ढकलणारं यंत्र, पूर्ण वेगाने चालूनही खोल्या गार होत नव्हत्या, सगळे चिलरला दोष देत होते. याने त्याच्या आधीच्या मजल्यावर चिल्ड वॉटरच्या जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याचं तापमान मोजलं, फरक जेमतेम 2 अंश निघाला, असायला हवा होता 5-6. म्हणजे तिथल्या कॉइलमधून पाणी गरजेपेक्षा जास्त वाहत होतं आणि पुढच्या मजल्याला कमी पडत होतं. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह कारखान्यातून आला तसा पूर्ण उघडा राहिला होता. एवढंच लिहिलं. मुलाखतीत त्या एका ओळीवर वीस मिनिटं बोलणं झालं, इंडियाचा एक्स्पीरियन्स कोणी विचारला नाही. तुम्हीही असे तीन किस्से लिहून काढा. आता, साइटवरच्या नोंदी हाताशी असताना. सहा महिन्यांनी आकडे आठवणार नाहीत. मात्र कंपनीची ड्रॉइंगं आणि रिपोर्ट उचलून आणू नका, ते तुमचे नाहीत. आठवणीतला हिशेब तुमचा आहे.

देवरुखचा तो आता आठवडाभर ऐरोलीला राहतो, शनिवारी संध्याकाळी पुण्यात. ही त्या वाटेची किंमत. वडिलांसाठी परत येताय, तेव्हा ही किंमत परवडते का हे मी ठरवू शकत नाही. नसेल परवडत तर पुण्याच्या आसपासच्या फार्मा आणि हॉस्पिटलांच्या कामांवर भर द्या. तिथे पैसा कदाचित थोडा कमी मिळेल, पण रोज घरी जेवाल.

ओळखी शून्य आहेत हे मला पटत नाही. तुम्ही 14 वर्षं कोणाकडून पंप, व्हॉल्व्ह, चिलर, कंट्रोल घेतलेत? त्यातल्या बऱ्याच कंपन्यांची ऑफिसं पुण्या-मुंबईत आहेत. आमच्या धंद्यात खरी बातमी सेल्स इंजिनिअरकडे असते. कुठल्या साइटवर चिलर येऊन सहा महिने झाकून पडलाय, कुठला प्रोजेक्ट मॅनेजर नोटीसवर आहे, कुठल्या क्लायंटने कंत्राटदार बदलला, हे त्याला एचआरच्या आधी कळतं, कारण त्याचं पेमेंट त्यावर अडलेलं असतं. दुबईतल्या तुमच्या सप्लायरकडून त्यांच्या इथल्या माणसाचा नंबर घ्या आणि नोकरी मागू नका. विचारा, “तुमच्या कुठल्या साइटचं कमिशनिंग अडकलंय?” तो अर्धा तास बोलेल. अशा दहा माणसांशी बोललात की दोन ठिकाणी तुमचं नाव आपोआप पोचतं. दुसरी जागा म्हणजे इश्रे, आपल्या एसीवाल्यांची संघटना. पुण्यात तिचं चॅप्टर आहे, संध्याकाळची तांत्रिक व्याख्यानं होतात. व्याख्यान ऐका किंवा नका ऐकू, नंतरच्या जेवणाला थांबा. एमईपी कन्सल्टंट तिथे भेटतात, आणि कन्सल्टंटने “याला घ्या” म्हटलं की कंत्राटदार घेतो.

एक सवय मात्र आजपासून मोडा. मी रुजू झाल्यावर पहिल्या मोठ्या मीटिंगनंतर साइट इनचार्जने मला त्याचं पॅड दाखवलं. त्यावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या आणि वर एक. अकरा. मी त्या मीटिंगमध्ये अकरा वेळा “दोह्याला आम्ही” म्हणालो होतो. तुमचे फिटर इथेही गोरखपूर आणि सिवानचेच असतील, कदाचित दोघेचौघे दुबई करून आलेले. त्यांना तुमची पद्धत कळते. अडतं ते मधल्या फळीत, जिला वाटतं की हा आपल्याला शिकवायला आलाय. पद्धत बदलायची असेल तर एक फॉर्मॅट निवडा, फार तर स्नॅग लिस्ट, म्हणजे राहिलेल्या त्रुटींची यादी, आणि तीच तीन महिने स्वतः भरून दाखवा.

कोकणातल्या धंद्याबद्दल थोडक्यात: पहिलं वर्षभर नको. कामाला तोटा नाही. खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या कॉइल खाल्ल्या जातात, हॉटेलवाले सर्व्हिससाठी माणूस शोधतच असतात. पण पैसे तुमच्या हातून आधी जातात आणि दोन-तीन महिन्यांनी परत येतात, त्यातही थोडे रिटेन्शन म्हणून अडकतात. कोण देतो आणि कोण फिरवतो हे कळायला इथे वर्ष काढावं लागतं, ते दुसऱ्याच्या पगारावर काढा. तोवर तुमची तिथली ग्रॅच्युइटी ठेवीत राहू द्या. पहिल्या 5 वर्षांना 21 दिवस आणि पुढच्या 9 वर्षांना 30 दिवस, म्हणजे 375 दिवसांचा बेसिक: 9,000 वर 1,12,500 दिरहम. पगारातले भत्ते त्यात धरत नाहीत, म्हणून आकडा बघून दचकू नका. 27 लाख होतात. 85 हजारांचं घर त्यावर अडीच वर्षं चालतं, म्हणून पहिली मिळेल ती ऑफर घ्यायची तुम्हाला गरज नाही.

वहिनींचं वर्षभर थांबायचं मत मी पूर्ण उडवून लावत नाही. वर्ष नको, पण मार्च जरूर. मुलं सीबीएसईला असतील तर तिथलंही वर्ष एप्रिलला सुरू होतं, टीसी घेऊन पुण्यात वर्ग न चुकता बसतील. शिवाय कायमचं येण्याची तारीख ठरवण्याआधी एका सीएला भेटा आणि ‘आरएनओआर’ हा शब्द उच्चारा. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्याला परत आल्यावर काही काळ निवासी असूनही परदेशातल्या उत्पन्नावर इथे बहुतेक कर लागत नाही, आणि तारखेने त्यात फरक पडू शकतो. एनआरई खातंही परत आल्यावर तसंच ठेवता येत नाही, बँकेला कळवून बदलून घ्यावं लागतं.

मधल्या काळात तिथले कागद. पद आणि तारखांसह अनुभवपत्र, सॅलरी सर्टिफिकेट, पगार जमा झालेलं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, शेवटच्या हिशेबाची प्रत, आणि पोलीस क्लिअरन्स, जो एमिरेट्स आयडी चालू असताना सोपा जातो. हे सगळं राजीनाम्यानंतरच्या नोटीसच्या महिन्यात हातात घ्या. विमानात बसल्यावर कंपनीचा पीआरओ फोन उचलत नाही. क्रेडिट कार्ड बंद केल्याचं पत्रही मागा. आणि क्रम लक्षात ठेवा: बायको-मुलांचे व्हिसा तुमच्या नावावर असतील तर आधी त्यांचे रद्द होतात, मग तुमचा. शाळेचा शेवटचा पेपर कोणत्या तारखेला आहे ते विचारून घ्या आणि राजीनाम्याची तारीख तिथून उलटी मोजा.